सोळातला एक आणा

दुसऱ्यांची घरं कागदावर मोडून देण्यात अक्काचं अर्धं आयुष्य गेलं, आणि स्वतःच्या घराच्या बाबतीत मात्र ती अशी काही फसली की वैऱ्यालाही हसू येऊ नये. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा असा.

नोंदणी कचेरीच्या समोर दस्त लिहून देणाऱ्यांची रांग आहे. त्या रांगेत अक्काचा गाळा. गाळा म्हणजे काय, एक टेबल, एक कॉम्प्युटर, कुरकुरणारा प्रिंटर आणि येणाऱ्यांना टेकायला बाकडं. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, जे म्हणाल ते अक्का लिहून देई, आणि असं लिहून देई की आतला साहेब नुसता कागद उलटायचा नि शिक्का मारायचा. भांडत आलेले भाऊ तिच्या बाकड्यावर बसून भांडायचे. ती टाइप करता करता म्हणायची, "भांडा, भांडा. पण चतुःसीमा नीट सांगा. पूर्वेला काय आहे?" आणि भांडण थांबवून दोघे भाऊ पूर्वेला काय आहे ते आठवू लागायचे.

तर या अक्काला तीन भाऊ. थोरला तिच्याहून मोठा, त्याला ती दादा म्हणे. मधला आणि धाकटा तिच्या पाठचे. धाकट्याचं घरातलं नाव बाब्या. आई लवकर गेली तेव्हा बाब्या एवढासा होता. त्याला अक्कानेच न्हाऊ घातलं, अक्कानेच शाळेत ओढत नेलं, आणि तापात त्याच्या उशाशी बसून रात्री काढल्या त्याही अक्कानेच. पुढे तिचं लग्न झालं आणि मोडलंही. लोक म्हणायचे, नवऱ्याने टाकली. ती म्हणायची, "टाकायला मी काय रद्दी आहे? मीच उठून आले." आली ती वडिलांकडे, अप्पांकडे, लाकडाच्या वखारीत.

वखार म्हणजे अप्पांचा जीव. रस्त्याला लागून भलं मोठं आवार, मागे करवतीची शेड, आणि फाटकाजवळ दोन खोल्या. त्या खोल्यांत अप्पा आणि अक्का राहायचे. धंदा बंद पडला, करवत भंगारात गेली, आवार एका सिमेंटवाल्याला माल ठेवायला भाड्याने दिलं, तरी त्या दोन खोल्या राहिल्या. अप्पांना शेवटी अंथरुणावरून उठवत नसे. तेव्हा तीन वर्षं त्यांचं हगणंमुतणं अक्काने काढलं. भाऊ यायचे, पायाशी बसायचे, "बरं वाटतंय ना अप्पा?" विचारायचे आणि घड्याळाकडे बघत उठायचे.

अप्पा गेले. वर्षही सरलं. आणि मग एक बिल्डर आला.

बिल्डर आला म्हणजे भाऊ आले, हे काय सांगायला हवं! एका रविवारी सकाळी तिघेही फाटकातून आत आले, बरोबर दादाची बायको, म्हणजे वहिनी. कधी नव्हे ती तिने अक्कासाठी साखरेची पुडी आणली होती. अक्काने चहा ठेवला. तिला काय बोलणं होणार ते माहीत होतं आणि तिची तयारीही होती. तिने मनातल्या मनात कधीच आवार मोजून टाकलं होतं. फाटकापासून जुन्या करवतीच्या शेडच्या भिंतीपर्यंत पट्टा धरला, तर तो बरोबर चौथाई भरतो. दोन खोल्या त्यात येतात, पुढचं अंगण येतं, आणि रस्त्याच्या बाजूला एक गाळा काढता येईल एवढी जागाही येते. कचेरीसमोरच्या गाळ्याचं भाडं डोईजड झालं होतं. इथेच टेबल टाकायचं, इथेच राहायचं, इथेच मरायचं, असं तिचं साधं सरळ गणित होतं. उरलेल्या बारा आण्यांचं भाऊ काय वाटेल ते करोत.

"आता हे बघ," दादाने घसा साफ केला. "जुनी वाटणी झाली तेव्हा दुकान माझ्याकडे आलं, गावातलं घर मधल्याकडे गेलं, नदीकडचं छोटं घर बाब्याकडे, आणि अप्पांनी आपल्यापुरती रोकड ठेवली. राहिली ती ही वखार. तिचे आता तीन भाग करायचे आणि मोकळं व्हायचं."

"तीन?" अक्का म्हणाली. "माणसं तर मला चार दिसतात."

"अहो, तुम्हाला काय वाऱ्यावर सोडणार आहोत का?" वहिनी गोड आवाजात म्हणाली. "तुमचं बघूच की आम्ही."

"माझं मी बघते, वहिनी. तुम्ही चहात साखर बघा." मग ती दादाकडे वळली. "दादा, कायदा बदलला त्याला किती वर्षं झाली? मुलगी आता मुलासारखी. वखार वाटलेली नाही, समाईक आहे. समाईकात अप्पा, तुम्ही तिघे आणि मी, असे पाच जण. अप्पांचा पाचवा भाग पुन्हा आपल्या चौघांत. झाडून हिशोब केला तरी प्रत्येकाला चौथाई येते. रुपयात चार आणे. मी रोज लोकांना लिहून देते हे."

दादाचा चेहरा उतरला. मधला भिंतीकडे बघत म्हणाला, "वकील सांगेल ते खरं." मधल्याचं आयुष्यभर असंच, दुसरा सांगेल ते खरं. आणि बाब्या? तो कपातली साय बोटाने बाजूला करत बसला होता. अक्काला वाटलं, दादापुढे बोलायला लाजतोय बिचारा. मनातून तो आपल्याच बाजूचा आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

का असावी? ऐका मग.

जुनी वाटणी झाली तेव्हा हा मुलींचा कायदा यायचा होता. अक्का नुकतीच माहेरी येऊन एका म्हाताऱ्या दस्तलेखकाकडे टायपिंगला लागली होती. वाटणीपत्र तिच्याच हाताखालून गेलं. तिला त्यात एक छदामही नव्हता, आणि तशी अपेक्षाही नव्हती. पण एक गोष्ट तिला खटकली. दस्तात शेवटी एवढंच होतं की वखारीची जागा तूर्त समाईक ठेवली आहे. तेव्हा वखार दादाच चालवत होता. पुढेमागे अप्पा गेले की हा म्हणेल, मी राबलो, वखार माझी, तुम्हाला तुमची घरं मिळाली, चालते व्हा. मधला काहीतरी करून निभावून नेईल. पण बाब्या? तो तर नुकता कुठे सज्ञान झालेला, कुणी डोळे वटारले तरी सही करून मोकळा होणारा! अक्काला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तिने म्हाताऱ्याला विचारून एक वाक्य वाढवलं: सदर वखारीच्या जागेत वडील व तिन्ही मुलगे यांचा प्रत्येकी चार आणे हिस्सा आजच कायम झाला असून, ज्याने त्याने तो पुढे सवडीने मोजून वेगळा करून घ्यावा.

अप्पांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, घरातल्या घरात एवढी गाठ कशाला?"

"असू द्या अप्पा. बाब्याचं पुढे कुणी खायला नको."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," अप्पा हसत म्हणाले. लाकूडवाल्याच्या तोंडी ही म्हण सारखी असायची, त्यामुळे तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. दादाने कपाळाला आठ्या घातल्या, पण सही केली. सगळ्यांनी केली. दस्त नोंदला गेला. त्या दिवसापासून वखारीचा नफा, आणि पुढे सिमेंटवाल्याचं भाडं, चार पाकिटांत घालून चौघांना देण्याचं कामही अक्काकडेच आलं. बाब्याचं पाकीट ती स्वतः त्याच्या घरी नेऊन द्यायची आणि कधीतरी लाडात येऊन म्हणायची, "माझं ते वाक्य नसतं ना बाब्या, तर दादाने तुला फाटकाबाहेर उभा केला असता." बाब्या म्हणायचा, "तुझे उपकार आहेत अक्का." असं त्यांचं चालायचं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि खरं दुखणं तिथेच आहे. अप्पा अंथरुणावर होते तेव्हा एकदा त्यांनी तिचा हात धरला होता. "माझा वखारीतला हिस्सा तुझ्या नावे लिहून दे. मी सही करतो. दोन साक्षीदार बोलाव." अक्का रोज दोन-दोन मृत्युपत्रं लिहायची. पण स्वतःच्या नावाचं मृत्युपत्र स्वतःच्याच हाताने टाइप करायचं, नि मग रांगेतल्या लोकांनी म्हणायचं की बघा, म्हाताऱ्याचा अंगठा धरून लिहून घेतलं! शिवाय भाऊ दुखावतील ते वेगळंच. आणि गरजच काय होती? नवा कायदा आला होता. वखार समाईकच होती. आपले चार आणे कुठे जातात? "राहू द्या अप्पा," ती म्हणाली, "मला तसंही मिळणारच आहे." अप्पांनी हात सोडला नाही बराच वेळ. मग त्यांना झोप लागली.

हं. तर वकिलाकडे जायचं ठरलं.

वकील दोन्हीकडचे, म्हणजे सगळ्यांच्याच विश्वासातले. अक्काकडून गेली कित्येक वर्षं कागद टाइप करून घेणारे. त्यांच्या खोलीत पुस्तकांची कपाटं, वर धूळ, आणि खिडकीत एक पंखा जो वारा कमी आणि आवाज जास्त करायचा. चौघे भाऊबहीण खुर्च्यांवर बसले. वहिनीला जागा नव्हती म्हणून ती दारात उभी राहिली, पण कान आतच होते.

"या अक्का," वकील म्हणाले. "आज तुम्हीच पक्षकार? सांगा."

अक्काने आपलं पाचाचं गणित मांडलं. वकील मान डोलवत होते. "वखार खरोखरच एकत्र कुटुंबाची राहिली असेल तर तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "चार आणे." अक्काने दादाकडे बघितलं. दादा नखं बघत होता. तिला अगदी हायसं वाटलं.

आणि बाब्याने पिशवीतून जुन्या दस्ताची प्रत काढली. कोपरे दुमडलेली, शेवटच्या पानावर पेन्सिलीची रेघ मारलेली. ती त्याने टेबलावरून वकिलांकडे सरकवली.

"शेवटचं वाक्य वाचा, साहेब," तो म्हणाला. "अक्कानेच घातलेलं आहे."

वकिलांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. अक्काने तेव्हाच ओळखलं. कागद वाचून माणूस चष्मा का पुसतो, हे तिने कचेरीसमोर हजारदा बघितलं होतं.

"या दस्तानंतर तुम्ही वेगळे झालात?" वकिलांनी दादाला विचारलं. "चुली, धंदे, हिशोब?"

"सगळं वेगळं. त्याच दिवसापासून."

"आणि वखारीचं उत्पन्न?"

"चार पाकिटं," दादा म्हणाला. "अप्पांचं एक, आमची तीन. अक्काच करायची."

"हं." वकिलांनी अक्काकडे बघायचं टाळलं आणि पंख्याकडे बघून बोलू लागले. "समाईक दोन तऱ्हेचं असतं. एक, कुटुंब एकत्र आहे म्हणून समाईक. त्यात कुणाचा किती, हे वाटणी होईपर्यंत बोट ठेवून सांगता येत नाही. माणूस जन्मला की हिस्से लहान होतात, गेला की मोठे होतात. नवा कायदा मुलीला त्या एकत्रात आणून बसवतो. दुसरं समाईक म्हणजे कुटुंब फुटलंय, ज्याचे त्याचे हिस्से ठरलेत, फक्त जमिनीवर दोरी टाकायची राहिली आहे. तिथे एकत्र असं काही उरलेलंच नसतं. मुलीला आणून बसवायचं कुठे? तुमची वखार या दुसऱ्या जातीची आहे. 'आजच कायम झाला.' आणि तो आज नव्या कायद्याच्या आधीचा आहे, दस्त नोंदलेला आहे. तो आता उघडता येत नाही."

"वाक्य नसतं तर?" अक्काने विचारलं.

"तरी सोपं नव्हतं. एकदा वाटणी झाली म्हटलं की सगळंच फुटलं असं धरून चालतात. वखार मुद्दाम एकत्र ठेवली होती, हे आपल्याला दाखवावं लागलं असतं. पण भांडायला जागा होती. या वाक्याने ती बुजवली."

"म्हणजे तीन भाग!" दारातून वहिनी म्हणाली.

"तीन नाही, बाई. अप्पांचे चार आणे आहेत ना? ते त्यांचे स्वतःचे. ते गेल्यावर मुलगा-मुलगी सारखे वारस." आणि मग वकील अक्काकडे वळले, कारण आता वळावंच लागणार होतं. "अप्पांनी मृत्युपत्र केलं होतं का?"

अक्काने टेबलावरचा दस्त उलटा करून ठेवला.

"नाही," अक्का म्हणाली.

"तुम्ही घरात असताना?" वकिलांच्या तोंडून निघून गेलं. बिचाऱ्यांनी लगेच जीभ चावली. "मग चार आणे, चार मुलं. प्रत्येकाला एक. भावांचे आपापले चार आणि वडिलांकडून आलेला एक, मिळून पाच-पाच. अक्कांना एक आणा."

पाच, पाच, पाच आणि एक. अक्काला बोटं मोजायची गरज पडली नाही. मृत्युपत्र करून घेतलं असतं तर अप्पांचे आख्खे चार आणे तिचेच होते. तेवढेच, जेवढे ती हक्काने मागायला आली होती. आणि भावांनाही आपापले चार मिळाले असते, कुणाचं काही जात नव्हतं. अप्पांनी हात धरून देऊ केलं, तर हिने मोठेपणाने नको म्हटलं. तेलही गेलं, तूपही गेलं. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बाब्या पुढे सरकला. "साहेब, मला तेव्हा घर लहान मिळालं होतं. ते आता वखारीतून भरून मिळेल का? दादाचं दुकान बघा, माझं घर बघा."

"छे. ती वाटणी झाली, संपली. कबूल करून सह्या केल्यात. जे उरलं त्याचाच हिशोब आता, तोही दस्तातल्या हिश्शांप्रमाणे. जुनं उकरून यात मिळवायचं नाही."

बाब्या मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावरची निराशा इतकी खरी होती, की सवयीने अक्काला त्याची कीव आली. सवय ही फार वाईट चीज आहे.

"माझ्या दोन खोल्या?" तिने विचारलं.

"मागता येतात. वाटणीत राहती जागा तुम्हाला द्या म्हणता येतं. पण हिश्शात बसायला हव्यात ना? रस्त्याकडची जागा सगळ्यात महाग. एका आण्यात एक खोलीसुद्धा बसत नाही. एवढासा तुकडा मोजून नकाशावर वेगळा पडणारही नाही. मग कोर्ट म्हणेल, विका आणि पैसे घ्या. नाहीतर तुम्ही भावांचे हिस्से विकत घ्या." ते थांबले. "अक्का, तुम्हाला मी काय सांगायचं!"

जिन्यात तिने बाब्याला गाठलं. दादा, मधला आणि वहिनी खाली उतरून पुढे गेले होते.

"बाब्या, थांब जरा. हे बघ, तुझे पाच आणि माझा एक, सहा आणे होतात. आपण दोघांनी मिळून रस्त्याकडचा पट्टा मागून घेऊ. खोल्या त्यात बसतात आणि वर जागा उरते. ती सगळी तुझी. खोल्याही माझ्यामागे तुझ्याच. मला मरेपर्यंत राहू दे फक्त. मी लिहून देते."

बाब्या कठड्यावरून हात फिरवत होता. "अक्का, घरी पोरांची शिक्षणं आहेत. बिल्डर रोख देतोय."

"मला बाहेर काढून?"

"तुला पण मिळतातच ना पैसे."

"दस्त तू आणलास," ती म्हणाली. "दादाच्या लक्षातही नव्हतं ते वाक्य. मधल्याला तर वाचताच येत नाही सरळ. तू आणलास, पेन्सिलीने रेघ मारून. का रे?"

आता तो चिडला. पकडला गेलेला माणूस चिडतोच. "मग काय करू? तुला चार दिले असते तर मला चारच राहिले असते. आता पाच आहेत. आधीच मला लहान घर दिलंत सगळ्यांनी. एक आणा काय थोडा असतो?"

"नाही," अक्का म्हणाली. "थोडा नसतो. मलाही तेवढाच मिळालाय."

तो जिना उतरून गेला. अक्का तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. खालून वहिनीचा आवाज आला, "झालं का बोलणं?" आणि मग गाडीचं दार लागलं. ज्याला तापात मांडीवर घेऊन बसली, ज्याच्यासाठी रात्रभर जागून एक वाक्य जुळवलं, त्याने तेच वाक्य आणून तिच्या गळ्याला लावलं. रडू यायला हवं होतं, आलं नाही. संताप आला. तोही भावावर कमी आणि स्वतःच्या शहाणपणावर जास्त.

भांडून काही उपयोग नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? कोर्टाच्या तारखा घालत म्हातारी झालेली माणसं तिच्याच बाकड्यावर येऊन बसायची. तिने विकायला होकार दिला.

आणि निर्लज्जपणाला काही सीमा असते का? खरेदीखत कुणी लिहायचं, तर अक्कानेच! दादा म्हणाला, "बाहेरच्याला पैसे कशाला द्यायचे? घरचं माणूस आहे." अक्का म्हणाली, "लिहिते की." तिला वाटलं, आपल्या घराचा शेवटचा कागद दुसऱ्या कुणी चुकत-माकत लिहिण्यापेक्षा आपण लिहिलेला बरा.

त्या दिवशी तिघे भाऊ बाकड्यावर ओळीने बसले होते. बिल्डरचा माणूस उभा होता. दादा मजकूर सांगत होता आणि अक्का टाइप करत होती. चतुःसीमा आली. पूर्वेस रस्ता. तिने ते कुणी सांगायच्या आत टाइप केलं. रोज सकाळी ती त्याच रस्त्यावर पाणी शिंपायची.

"विकत देणारांचे हिस्से," दादा सांगू लागला, "पाच आणे, पाच आणे, पाच आणे, एक आणा. आणि सगळी रक्कम माझ्या खात्यात येईल. मी मग ज्याची त्याला देईन."

"माझा आणा माझ्या खात्यात," अक्का मान वर न करता म्हणाली. "तसं लिहितेय."

दादाने ओठ चावले, पण बिल्डरच्या माणसासमोर काय बोलणार? "बरं, तुझा तुझ्याकडे. बाकीचं माझ्याकडे."

अक्काने तसं टाइप केलं. मधला म्हणाला, "दादा म्हणतोय तर ठीकच असेल." मग दादा आणि बिल्डरचा माणूस शिक्क्यांची चौकशी करायला कचेरीत गेले. मधला त्यांच्या मागोमाग गेला. बाब्या तेवढा राहिला. तो उठून टेबलाशी आला, इकडेतिकडे बघितलं आणि लहानपणी खाऊ मागायचा त्या आवाजात म्हणाला,

"अक्का, दादाच्या खात्यात गेलेले पैसे परत येतात का कधी? तू ओळखतेस त्याला. माझा हिस्सा पण माझ्याच खात्यात, असं एक वाक्य घाल ना. मी बोललो तर तो भडकेल. तू घातलंस तर कुणी काही म्हणणार नाही. तू नेहमी घालतेस तसं."

अक्काची बोटं खरोखरच पुढे सरकली. खोटं कशाला सांगा, अर्धी ओळ तिने टाइपसुद्धा केली. इतक्या वर्षांचं वळण होतं ते, एका दिवसात कुठे जातं? मग तिने हात थांबवला, आणि एकेक अक्षर करत ती अर्धी ओळ मागे पुसून टाकली.

"दादाने सांगितलं तेवढंच लिहिणार," ती म्हणाली. "तुला हवं असेल तर तू त्याला सांग. तोंड आहे तुला."

"अक्का!" बाब्याचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "तू अशी नव्हतीस गं."

"नव्हते," अक्का म्हणाली. "तेव्हा मला हिस्सा नव्हता."

तिने कागद घातला आणि छापायचं बटण दाबलं. प्रिंटर नेहमीसारखा कुरकुरला. पानं एकामागून एक बाहेर आली आणि ती त्यांच्यावर क्रमांक घालू लागली. दादा कचेरीच्या दारातून ओरडून सगळ्यांना सहीला बोलावत होता.